तिसऱ्या दिवशीची कावीळ: आकड्याआधी बाळाचे तास बघा

प्रश्न: "बाळ ३९ आठवड्यांचं आहे. काल ४६ तासांचं असताना बिलिरुबिन १०.५ होतं, आज ७० तासांना १४.२ आलंय. डॉक्टर म्हणतात लाइटची गरज नाही, उद्या परत तपासू. पण शेजारच्या खाटेवरच्या बाळाला १२.५ वरच लाइटखाली ठेवलंय. ते ३६ आठवड्यांचं आहे, कालच झालंय. आमचं जास्त असून का नाही? आणि जन्मलं तेव्हा तर अजिबात पिवळं नव्हतं!"

नवजात कक्षात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्यासारखी तुलना जवळजवळ प्रत्येक आई-बाबा करतात, आणि त्यात चूक काही नाही, कारण रिपोर्टवर नुसता आकडाच छापलेला असतो.

आधी तिसऱ्या दिवसाचं सांगते. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. या पेशी मोठ्या माणसाच्या पेशींसारख्या १२० दिवस टिकत नाहीत, साधारण ७० ते ९० दिवसांत मोडतात. मोडलेल्या पेशीतून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. जन्माआधी तो वारेतून आईकडे जायचा आणि आईचं यकृत त्याची विल्हेवाट लावायचं. नाळ कापली की ते काम बाळाच्या यकृतावर येतं. बिलिरुबिन पाण्यात विरघळण्याजोगं करणारं यकृतातलं एन्झाइम पूर्ण दिवसांच्या बाळातही जन्मताना मोठ्या माणसाच्या जेमतेम एक टक्का काम करत असतं. म्हणजे माल जास्त येतोय आणि उचलायला माणूस एकच.

त्यात आतड्याची भर पडते. यकृतानं कसंबसं बाहेर टाकलेलं बिलिरुबिन पहिल्या काळ्या चिकट शीमध्ये असतं. ती शी वेळेवर बाहेर पडली नाही, तर त्यातलं बरंचसं आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. पहिले दोन-तीन दिवस आईला चीक येतो, तो थोडाच असतो, त्यामुळे शीही थोडीच होते. म्हणून जन्मताना दीड-दोन असलेलं बिलिरुबिन रोज चढत जातं. ५ च्या पुढे गेलं की चेहऱ्यावर आणि डोळ्यांत दिसू लागतं, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर पोचतं. पुढे दूध वाढतं, यकृत कामाला लागतं आणि आकडा आपोआप उतरू लागतो. म्हणजे तुमचं बाळ आत्ता चढावरच आहे, उद्याचा आकडा थोडा वाढलेला आला तर लगेच घाबरून जाऊ नका.

आता लाइटचं. लाइट लावायची मर्यादा बाळ किती तासांचं आहे त्यावर ठरते आणि तासागणिक वर सरकते. पूर्ण दिवसांच्या, बाकी धडधाकट बाळासाठी ती ढोबळमानाने २४ तासांना १२, ४८ तासांना १५, ७२ तासांना १८ आणि ९६ तासांना २० अशी धरतात (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). प्रत्येक ठिकाणचा तक्ता थोडा वेगळा असतो, एक-दोनचा फरक पडतो. त्यात तुमचं बाळ बसवून बघा. ७० तासांना १४.२, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चार खाली. चढायचा वेग बघितला तर २४ तासांत ३.७ वाढलंय, ताशी साधारण ०.१५. पहिल्या दिवसानंतर हा वेग ताशी ०.२ च्या वर गेला, तर रक्त नेहमीपेक्षा जास्त वेगानं मोडतंय का ते शोधावं लागतं. तुमचं तसं नाही. २४ तासांनी परत बघू म्हणणारे डॉक्टर बरोबर सांगताहेत.

शेजारचं बाळ मात्र कालच झालंय. समजा ते २८ तासांचं आहे. दीड-दोनपासून १२.५ पर्यंत ते एका दिवसात पोचलं, म्हणजे वेग ताशी ०.३ च्या वर. वर ते ३६ आठवड्यांचं, त्यामुळे त्याची मर्यादाही खाली, त्या तासांना ११ च्या आसपास. लवकर जन्मलेल्या बाळाचं यकृत जास्त कच्चं असतं, ते दूध नीट ओढत नाही, आणि त्याच्या मेंदूला बिलिरुबिनचा धोकाही लवकर पोचतो. खरी भीती मेंदूचीच असते. बिलिरुबिन फार चढलं तर ते मेंदूत शिरून कायमची इजा करू शकतं, ऐकू येणंही जाऊ शकतं. अशा बाळात आई-बाळाचे रक्तगटही बघतात. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल, किंवा आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या पेशी मोडू शकतात. पहिल्या २४ तासांतच दिसलेली कावीळ म्हणूनच कधीही 'नेहमीची' समजायची नाही.

लाइट नेमकं काय करतो? ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनवर पडला की त्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृतातल्या त्या एन्झाइमवाचून ते शी-शूवाटे बाहेर पडू शकतं. हे कळलं तेही गमतीशीर आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात न्यायच्या. एका बाळाचं सगळं अंग फिकं झालं आणि चादरीखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळा राहिला, हे त्यांनीच डॉक्टरांना दाखवलं. (नर्सचं श्रेय आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.) म्हणून कोवळ्या उन्हात ठेवलं की झालं असं मात्र नाही. उन्हात किती प्रकाश मिळाला ते मोजता येत नाही, आणि उघडं बाळ भाजतं तरी किंवा गारठतं तरी.

त्या गोष्टीतच आणखी एक मुद्दा आहे. लाइटखाली कातडी फिकी होते, पण रक्तातलं बिलिरुबिन तेवढं उतरलेलं नसतं. त्यामुळे लाइट चालू असताना रंग बघून अंदाज बांधायचा नाही, रक्तच तपासायचं. तुमच्या बाळाला पुढे लाइट लागलाच, तर फक्त लंगोट ठेवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, आणि दर दोन-तीन तासांनी पाजायला बाहेर काढतात. शी पातळ, हिरवट होईल, ती त्या बाहेर पडणाऱ्या बिलिरुबिनमुळेच. सुरू केलेल्या मर्यादेच्या किमान दोन खाली आकडा आला की लाइट बंद करतात. रक्त मोडण्याचा त्रास असेल, बाळ लवकर जन्मलेलं असेल तर बंद केल्यावर पुन्हा चढू शकतं, म्हणून नंतर एकदा तपासणी करून घ्या.

तोवर तुमच्याकडचं काम पाजायचं: दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. वरचं पाणी किंवा ग्लुकोज देऊ नका, त्यानं बिलिरुबिन उतरत नाही, फक्त पोट भरतं आणि दूध कमी जातं. बाळ पाजायलाही उठेना, सारखं लुळं पडू लागलं, किंवा किंचाळल्यासारखं रडून मान-पाठ मागे ताणू लागलं, तर उद्याच्या तपासणीची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. आणि शी पांढरट, खडूसारखी झाली किंवा शूचा गडद पिवळा डाग लंगोटाला पडू लागला, किंवा दोन आठवडे उलटले तरी पिवळेपणा गेला नाही, तर डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृतानं विरघळण्याजोगं केलेलं बिलिरुबिन, तपासायला सांगा. ते वाढलेलं निघालं तर पित्तनलिकेचा आजार असू शकतो, त्याला लाइट चालत नाही आणि शस्त्रक्रिया लागली तर ती जितकी लवकर होईल तितका फायदा जास्त.