बायोप्सीची सुई, सांडलेल्या पेशी आणि साखर

«आईच्या स्तनात दोन सेंटिमीटरची गाठ सापडली आहे. डॉक्टर सुईने बायोप्सी करायला सांगतात. नातेवाईक म्हणतात, सुई लागली की कॅन्सर भडकतो, त्यापेक्षा गाठ सरळ कापून टाका आणि साखर आजपासून बंद करा. कोणाचं ऐकू?»

डॉक्टरांचं ऐका. बायोप्सी करून घ्या आणि ती ऑपरेशनच्या आधीच करून घ्या. साखरेचं शेवटी सांगतो.

नातेवाईकांची भीती पूर्णपणे हवेतली नाही. सुई गाठीतून बाहेर येते तेव्हा थोड्या पेशी तिच्या वाटेत सांडतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोर बायोप्सी, म्हणजे जाड पोकळ सुईने तुकडे काढायची बायोप्सी, झालेल्या स्तनाच्या कॅन्सरचे ३५२ नमुने ऑपरेशननंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ३२ टक्के नमुन्यांत गाठीबाहेर, सुईच्या वाटेवर, कॅन्सरच्या पेशी आढळल्या. एवढंच वाचलं तर कुणीही घाबरेल. पण त्याच अभ्यासात पुढे बायोप्सी आणि ऑपरेशन यांच्यातले दिवसही मोजले आहेत. १५ दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत अशा पेशी ४२ टक्के जणींत दिसल्या, तर २८ दिवसांहून जास्त काळ गेलेल्यांत फक्त १५ टक्के जणींत. सांडलेल्या पेशी रुजून वाढत असत्या तर हा आकडा दिवसांबरोबर चढायला हवा होता. तो उतरला, कारण त्यातल्या बहुतेक पेशी मरतात.

कॅन्सरची पेशी गाठीपासून सुटली की तिचा आधार आणि रक्तपुरवठा दोन्ही जातात. त्यात सुईची जखम भरायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथला कचरा साफ करतच असतात. कॅन्सर शरीरात दूरवर पसरतो तो गाठीतल्या काही पेशी रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरून, तिथे तग धरून, दुसऱ्या अवयवात बस्तान बसवतात म्हणून. ही ताकद असलेली गाठ सुई लागो न लागो, पसरतेच. निदानाला उशीर झाला की तिला फक्त जास्त वेळ मिळतो.

काही ठिकाणी मात्र सुई खरोखर जपून वापरावी लागते, आणि ही अफवा बहुधा तिथूनच फुटली असावी. यकृताच्या मूळ कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर गाठ उगवण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात २.७ टक्के निघालं होतं. त्यामुळे सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन कडक झालेलं, असलेल्या रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये ठरावीक खुणा स्पष्ट दिसल्या तर बायोप्सीशिवायच निदान करतात. वृषणाच्या संशयास्पद गाठीला वृषणाच्या पिशवीतून सुई लावत नाहीत. जांघेतून छेद घेऊन वृषण काढतात आणि मग तपासतात. हाडाच्या किंवा स्नायूंच्या सार्कोमात सुईची वाट अशी आखतात की पुढच्या ऑपरेशनमध्ये ती गाठीबरोबरच कापून काढता यावी, म्हणून तिथे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलूनच बायोप्सी करायची असते. स्तनाची गाठ या यादीत येत नाही.

आता तुमच्या आईच्या बाबतीत काय होईल ते पाहू. सोनोग्राफीत गाठ दिसत असेल तर आधी त्वचा सुन्न करण्याचं इंजेक्शन देतात. मग दोन-तीन मिलिमीटरची चीर घेऊन साधारण दोन मिलिमीटर जाडीची पोकळ सुई गाठीत नेतात आणि स्प्रिंगच्या झटक्याने मांसाचे बारीक, लांबट तुकडे काढतात. साधारण चार-पाच तुकडे घेतात. प्रत्येक वेळी 'टक्' असा आवाज येतो, तो आधी सांगून ठेवा म्हणजे आई दचकणार नाही. नंतर दहा-एक मिनिटं घट्ट दाबून धरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

बायोप्सीनंतर आत थोडं रक्त साकळतं आणि गाठ दोन दिवसांत मोठी लागू शकते. 'बघा, भडकली' असं घरोघरी म्हणतात ते बहुतेक वेळा यालाच. साकळलेल्या रक्ताची सूज काही तासांत किंवा दिवसांत येते, वरची त्वचा निळी, मग हिरवी-पिवळी होते, आणि दोन-तीन आठवड्यांत ती ओसरते. कॅन्सर दोन दिवसांत असा फुगत नाही. ताप आला, जागा लाल आणि गरम झाली, पू आला किंवा रक्त थांबेना, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

'सरळ कापून टाका' हा सल्ला मला सुईपेक्षा जास्त घातक वाटतो. गाठ साधी निघण्याचीही शक्यता आहे. मग ऑपरेशन कदाचित उगाचच होईल. आणि कॅन्सर निघाला तर न आखता केलेल्या ऑपरेशनमध्ये कडेला रोग राहू शकतो आणि काखेतल्या लसीकाग्रंथींत कॅन्सर पोचला आहे का ही तपासणी मागे पडते. मग दुसरं ऑपरेशन आलंच. शिवाय बायोप्सीच्या तुकड्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. पहिल्या दोन गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगतात, तर तिसरी पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का ते. समजा हर-टू पॉझिटिव्ह आलं आणि गाठ दोन सेंटिमीटरच्या पुढे आहे किंवा काखेत पोचली आहे, तर बरेचदा आधी औषधं देतात आणि मग ऑपरेशन करतात. गाठ आक्रसते, ऑपरेशन लहान होऊ शकतं, आणि गाठीत कॅन्सर उरला की नाही हे बघून पुढची औषधं ठरवता येतात. गाठ आधीच काढून टाकली तर ही संधी जाते.

बायोप्सीतही एक चूक होऊ शकते: सुई नेमक्या जागी न लागणं. रिपोर्ट 'साधी गाठ' असा आला पण मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी जोरदार संशय दाखवत असेल, तर दोन्ही जुळतात का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जुळत नसतील तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.

आता साखर. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात हे खरं आहे, शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन त्याच आधारावर चालतो. पण रक्तातलं ग्लुकोज आहारातल्या साखरेवर थेट अवलंबून नसतं. उपाशीपोटी १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरलं तर साडेचार-पाच लिटर रक्तात सगळं मिळून साडेचार-पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा ग्लुकोज असतं. तुम्ही साखर सोडली तरी यकृत साठ्यातून आणि प्रथिनांतून ग्लुकोज बनवून ही पातळी टिकवतं, कारण मेंदूला ते लागतं. गाठीला उपाशी ठेवता येत नाही. साखर सोडल्याने कॅन्सर आटोक्यात येतो असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. सतत जास्त गोड खाऊन वजन वाढतं आणि लठ्ठपणामुळे काही कॅन्सरांचा धोका वाढतो, पण ती वर्षानुवर्षांची गोष्ट आहे.

आईला मधुमेह असेल तर साखरेवर नियंत्रण हवंच, विशेषतः केमोबरोबर स्टेरॉइड दिलं तर, कारण त्याने साखर चढते. मधुमेह नसेल तर चहातली साखर तोडण्यापेक्षा तिचं वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर बघा. उपचार चालू असताना न ठरवता वजन उतरायला लागलं तर ते डॉक्टरांना लगेच सांगा.