जंताची गोळी दिली, तरी मुलगी पेन्सिल खायची थांबेना

"ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दोन घास खाल्ले की ताटावरून उठते, बेंबीपाशी दुखतं म्हणते आणि लपूनछपून पाटीवरची पेन्सिल नि भिंतीची माती खाते. शाळेत जंताची गोळी दिली, पण शौचातून एकही जंत पडला नाही. मग जंत नव्हतेच का? आणि ही माती कशापायी खाते?"

अशीच एक मुलगी रायगडातल्या एका खेड्यातून आमच्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून सांगते. वजन जेमतेम पंधरा किलो. आजी सोबत होती आणि तिचं निदान तयार होतं: "गूळ-साखर फार खाते, जंतच झालेत." मुलीची नखं पाहिली तर कोपऱ्यांत पांढरी पूड अडकलेली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लालसर दिसायला हवं तिथं फिकट, जवळजवळ पांढरं. हिमोग्लोबिन निघालं 8.4. या वयात ते निदान 11.5 तरी हवं. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली.

आजीचा अंदाज निम्मा बरोबर होता. जंत होते, पण गोडानं झालेले नव्हते. जंत अंड्यातून किंवा अळीतून बाहेरूनच आत येतात. साखर खाऊन पोटात तयार होत नाहीत. ही मुलगी घरामागच्या वाडीत अनवाणी खेळायची आणि घरात संडास असूनही घरातली पोरं वाडीतच परसाकडे बसायची. शौचावाटे पडलेली अंडी ओल्या, सावलीच्या मातीत फुटतात, आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरतात. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, मग घशात, आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. पायाला खाज येत होती का, असं विचारल्यावर आईला आठवलं: पावसाळ्यात येत होती, चिखल्या समजून हळद लावली होती.

आता "एकही जंत पडला नाही" याबद्दल. लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो गांडुळासारखा लांब गोल जंत. तो वीतभर किंवा त्याहूनही लांब असू शकतो, पडला की दिसतो. अंकुशकृमी मात्र जेमतेम सेंटीमीटरभर, दोऱ्याच्या तुकड्याएवढा. गोळीनं मेला तरी शौचात तो नजरेला पडत नाही. तेव्हा काही दिसलं नाही म्हणून जंत नव्हते असं ठरवू नका.

हा एवढासा जीव आतड्याच्या अस्तराला तोंडानं चिकटतो आणि रक्त पितो. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून जागा बदलून तो पुढे सरकला तरी आधीची जखम काही काळ पाझरतच राहते. एक जंत दिवसाला, जातीप्रमाणे, अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत रक्त घालवतो. एका जंतानं काही बिघडत नाही. पन्नास-शंभर असले आणि महिनोन् महिने राहिले, तर पंधरा किलोच्या पोराला ते झेपत नाही. पोटात दुखतं तेही या जखमांनी आणि सुजेनं. लहान आतड्यातली कळ बेंबीभोवतीच जाणवते, म्हणून विचारलं की पोरं नेमकं तिथंच बोट ठेवतात.

जंत असलेलं मूल खादाड होतं, असा आपल्याकडे समज आहे. मी पाहते ती मुलं बहुतेक वेळा उलटी: ताटासमोर रेंगाळणारी. आतड्याला सूज आली की शरीरच भूक मारणारे संदेश मेंदूला देतं. त्यात रक्त जाता जाता लोह संपतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मंदावते. खाणं कमी, म्हणून लोह आणखी कमी.

आणि माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ बहुतेकदा या लोहाच्या कमतरतेतून येते. जंत ती थेट लावत नाहीत. ते लोह घालवतात आणि ओढ त्यातून उपजते. म्हणून नुसती गोळी देऊन पेन्सिल सुटत नाही. जंत मेले तरी गेलेलं लोह परत आलेलं नसतं. शिवाय मातीतून गोल जंताची अंडी पोटात जातात, आणि काही प्रकारची माती अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चक्र सुरूच राहतं. मुलीला मारून, हाताला मिरची लावून हे थांबत नाही; या आईनं दोन्ही करून पाहिलं होतं.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावली आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिली, कारण एका गोळीनं सगळे अंकुशकृमी मरतीलच असं नाही. दीड वर्षाच्या भावाला अर्धी गोळी, बारीक कुटून पाण्यातून. (दोन वर्षांखालच्या मुलांना अर्धीच, आणि पूर्ण गोळी कधी गिळायला देऊ नका, घशात अडकते.) सोबत लोहाचं औषध, वजनाच्या हिशेबानं किलोला 3 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 45. औषधानं शौच काळपट होतं, घाबरून बंद करू नका, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर चौथ्या दिवशी बाटली फळीवर जाते.

माझं काम पुढे होतं. सकाळी चहा-खारी, दुपारी वरणभात नि परत चहा, असा मुलीचा दिवस. चहा अन्नातलं आणि औषधातलं लोह अडवतो. चहा बंद करा म्हटल्यावर आजी नाराज झाली, मग निदान जेवण आणि औषध यांच्या आसपास तो नको, यावर तडजोड झाली. औषध लिंबूपाण्यासोबत, दुधासोबत नाही. वाडीत जाताना चपला, आणि पोरांनी संडासच वापरायचा. मला विचाराल तर गोळीपेक्षा हे अवघड.

दुसऱ्या आठवड्यात पेन्सिल सुटली. हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच अशी ओढ कमी होते, हे इतर मुलांतही दिसतं. भूक त्यानंतर हळूहळू आली. महिन्यानं हिमोग्लोबिन 9.8 झालं, तरी औषध चालू ठेवलं, कारण रक्त सुधारल्यावरही अंगातला साठा भरायला दोन-तीन महिने लागतात.

तुमच्या मुलीचं आधी हिमोग्लोबिन आणि शौचाची तपासणी करून घ्या. एका नमुन्यात अंडी न सापडणं शक्य असतं, म्हणून डॉक्टर पुन्हा नमुना मागतील तर द्या. अंगणवाडी-शाळेत 10 फेब्रुवारीच्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्येही गोळी देतात, ती चुकवू नका. ताप असेल किंवा मूल आजारी असेल तर बरं झाल्यावर द्या. रात्री शौचाच्या जागी खाज येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती सुतकृमीची खूण, आणि तिची अंडी शौचाच्या तपासणीत बहुधा दिसत नाहीत.

भिंतीचा जुना रंग खरवडून खात असेल तर शिशाचीही तपासणी विचारा. पोट फुगून कडक झालं, हिरवी उलटी झाली, उलटीतून जंत पडला किंवा शौचातून रक्त गेलं, तर गोळीची वाट पाहू नका, सरळ रुग्णालयात न्या. खूप गोल जंत एकत्र आले की आतडं तुंबू शकतं.