दुबईचा करार: आधी बेसिक बघा

प्रश्न: सातपूरला राहतो, सेंट्रिंगचं काम करतो, नववी शिकलोय. एजंटने दुबईचा करार दिलाय: महिना १,२०० दिरहम, दोन वर्षं, राहणं फुकट. ओव्हरटाइम धरून १,८०० पडतील म्हणतो. सही करू का?

उत्तर: आधी १,२०० ची फोड बघा. बऱ्याचदा ‘बेसिक ८००, जेवण ३००, इतर १००’ असं लिहिलेलं असतं. हातात पैसे तेवढेच येतात, पण ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर निघते.

तिथल्या कायद्यात दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८. त्यापुढच्या तासाला सव्वापट, रात्री १० ते पहाटे ४ असेल तर दीडपट. आता हिशेब करा. ८०० ला ३० ने आणि मग ८ ने भागलं की तासाचे ३.३३ दिरहम, सव्वापट म्हणजे ४.१७. ओव्हरटाइम साधारणपणे दिवसाला दोनच तास देता येतो. २६ दिवसांचे ५२ तास झाले, म्हणजे २१७ दिरहम. एकूण १,४१७. एजंटचे १,८०० गाठायला महिन्याला १४४ तास जादा, म्हणजे रोज साडेपाच तास राबावं लागेल. तोंडी आकडा असा तपासला की लगेच उघडा पडतो. बेसिकच १,२०० असतं तर त्याच ५२ तासांचे ३२५ मिळाले असते.

‘राहणं फुकट’ हे करारात ‘कंपनी खोली देईल’ अशा शब्दांत हवं. तिथे नुसता घरभाडे भत्ता लिहिला असेल तर खोली तुम्हीच शोधायची, आणि त्या भत्त्यात दुबईत काही मिळत नाही. कॅम्प ते साइट बस कोणाची, तेही लिहून घ्या.

परतीचं कलम सगळ्यात शेवटी आणि बारीक अक्षरात असतं, तेच नीट वाचा. करार संपला की मायदेशी परतीचा खर्च मालकाचा; तुम्ही दुसऱ्या मालकाकडे गेलात किंवा तुमच्या चुकीने काम सुटलं तर तुमचा. मधल्या सुट्टीचं तिकीट मात्र करारात असेल तरच मागता येतं. ग्रॅच्युइटी वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, तुमच्या फोडीत ५६० दिरहम. पण सलग एक वर्ष पूर्ण झालं नाही तर शून्य. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहिलं असेल तर ते चालत नाही. व्हिसाचा किंवा भरतीचा खर्च पगारातून कापायचं कलमही बेकायदा आहे.

तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागा आणि आकडे एजंटच्या कागदाशी जुळवा. दहावी नसल्याने तुमचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा असणार; ती मंजुरी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून घ्यावी लागेल. एजंटची नोंदणीही तिथेच दिसते. त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, तीही पावती घेऊन. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, करार तिकडे करू’ म्हणाला तर सही नको आणि पैसेही नको.