सोळा संस्कार: झालेले, राहिलेले आणि मुंजीच्या सकाळी फेडलेले

आमच्या घरी दोन पुस्तके आहेत. एकातल्या सोळा संस्कारांत अंत्येष्टी आहे, दुसऱ्यातल्या यादीत ती नाही. खरी यादी कोणती?

दोन्ही खऱ्या आहेत, कारण 'सोळा' ही संख्या जितकी स्थिर आहे तितकी तिच्यातली नावे कधीच स्थिर नव्हती. गौतम धर्मसूत्रात संस्कार ४० आहेत, आणि त्यांत आज आपण यज्ञ म्हणतो अशी कितीतरी कर्मे मोजलेली आहेत. व्यासस्मृतीत संस्कार सोळाच आहेत, पण ती यादी गर्भाधानापासून सुरू होऊन विवाह आणि अग्नींच्या स्वीकारापाशी थांबते. तिच्यात अंत्येष्टी नाही. और्ध्वदेहिक, म्हणजे मृत्यूनंतरचे कर्म अशुभ मानले गेल्यामुळे अनेक ग्रंथकारांनी त्याचे प्रकरण वेगळे ठेवले. उलट स्वामी दयानंदांच्या 'संस्कारविधी'त अंत्येष्टी शेवटचा संस्कार म्हणून येते. शिवाय आश्वलायन गृह्यसूत्रात संस्कारांचे वर्णन विवाहापासून सुरू होते, कारण घर तिथून सुरू होते.

आज मराठी घरांत जे उरले आहे ते असे: बारसे, उष्टावण, जावळ, ज्या घरांत रीत आहे तिथे मुंज, मग लग्न आणि शेवटी अंत्यविधी. पुंसवन, निष्क्रमण, वेदारंभ, केशान्त यांची नावे बहुतेकांनी फक्त पत्रिकेत किंवा पंचांगात वाचलेली असतात.

डोहाळजेवण म्हणजेच सीमंतोन्नयन का? आणि लग्नाच्या आदल्या दिवशी जे सीमंत करतात ते काय?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण घोटाळा तिथूनच होतो. लग्नातले सीमांतपूजन म्हणजे गावाच्या सीमेवर, वेशीपाशी, वराचे केलेले स्वागत. तिथे सीमा गावाची आहे. सीमंतोन्नयनातला 'सीमंत' म्हणजे केसांतला भांग. दोन्ही शब्दांचे मूळ 'सीमा' आणि 'अंत' हेच आहे, पण विधींचा एकमेकांशी संबंध नाही.

मूळ सीमंतोन्नयन आश्वलायनाने चौथ्या महिन्यात सांगितले आहे. पती औदुंबराच्या कच्च्या फळांचा घोस, तीन पांढरे ठिपके असलेला साळूचा काटा आणि दर्भाच्या तीन जुड्या एकत्र हातात घेऊन पत्नीच्या केसांचा भांग कपाळापासून वर काढतो. मग दोन वीणावादकांना सोमराजाचे गाणे गायला सांगतात, आणि त्या गाण्यात ते दांपत्य ज्या नदीच्या काठी राहते तिचे नाव घ्यायचे असते. संपूर्ण गृह्यसूत्रात मला हा तपशील सर्वांत हृद्य वाटतो: मंत्र एकच, पण नदी ज्याची त्याची.

डोहाळजेवणात यातले काहीच नाही. फुलांची वाडी, ओटी, गाणी आणि डोहाळे पुरवणे हा बायकांनी बायकांसाठी चालवलेला लौकिक सोहळा आहे. संस्कार मागे पडला आणि त्याची जागा या सोहळ्याने घेतली, असे म्हणणे योग्य होईल. पण डोहाळजेवण झाले म्हणून सीमंतोन्नयन झाले, असे कोणताही याज्ञिक मानणार नाही. पुढे मुंजीत याचा हिशेब होतो, तो खाली येईल.

पुंसवन पुन्हा करावे असे एका नातेवाइकांचे म्हणणे आहे. त्यासोबत घ्यायचे एक औषधही ते सुचवतात. करावे का?

विधी काय आहे ते आधी पाहा. तिसऱ्या महिन्यात, पुष्य नक्षत्रावर, उपवास केलेल्या पत्नीला पती दह्यात दोन उडीद आणि एक जव घालून तीन वेळा प्राशन करायला देतो. दही ज्या गाईचे, तिचे वासरू तिच्याच रंगाचे असावे लागते. प्रत्येक वेळी तो विचारतो, "काय पितेस?" आणि ती उत्तर देते, "पुंसवन". हेतू उघड आहे: मुलगाच व्हावा. आता गर्भाचे लिंग गर्भधारणेच्याच क्षणी ठरलेले असते, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात दह्याने किंवा कोणत्याही औषधाने ते बदलत नाही. विधी हा परंपरेचा एक अवशेष म्हणून कोणी केला तर तो त्या दांपत्याचा प्रश्न आहे. पण 'मुलगा होण्याचे' औषध मात्र घेऊ नये. ते फसवे तर आहेच, आणि त्यात काय घातले आहे हे न कळता गरोदर बाईच्या पोटात जाते.

हाच सावधपणा जातकर्माबाबत हवा. सोन्याने उगाळलेले मध आणि तूप नवजात बाळाला चाटवणे हा त्या संस्काराचा गाभा होता. एक वर्षापर्यंत बाळाला मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मधातल्या जिवाणूंमुळे त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळंतपण घरातून रुग्णालयात गेल्यावर नाळ कापण्याआधी करायचा हा संस्कार तसाही अशक्यच झाला.

नऊ वर्षांच्या मुलाची मुंज ठरली आहे. गुरुजींच्या यादीत 'संस्कारलोप प्रायश्चित्त' असे लिहून त्याची वेगळी दक्षिणा धरली आहे. बारसे आणि जावळ झालेले असताना हे कशाला? हा खर्च वाढवण्याचा प्रकार तर नाही ना?

नाही, उलट मागे पडलेले संस्कार कुठे गेले याचे खरे उत्तर याच ओळीत आहे. ते नाहीसे झाले नाहीत, त्यांची थकबाकी झाली, आणि ती मुंजीच्या सकाळी चुकती होते.

पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेला 'धर्मसिंधु' महाराष्ट्रातले याज्ञिक आजही पुढे ठेवतात. त्यातला नियम असा: गर्भाधानापासून चौलापर्यंतचा एकेक संस्कार वेळेवर झाला नसेल तर प्रत्येकी पादकृच्छ्र, आणि चौल, म्हणजे जावळाचा मूळ संस्कार, राहिले असेल तर अर्धकृच्छ्र. अडचणीमुळे राहिले असतील तर एवढे. काही अडचण नसताना सोडले असतील तर दुप्पट. कृच्छ्र म्हणजे बारा दिवसांचे व्रत: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचे, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच खायचे, आणि शेवटचे तीन दिवस उपवास. याचा चौथा भाग तो पादकृच्छ्र.

आता आपल्या मुलाचा हिशेब मांडू. आपण लिहिता की बारसे झाले, पण ते पाळण्याचे झाले असणार. कांस्यपात्रातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नाव लिहून, संकल्प सोडून, नामकर्म झाले का हे विचारून पाहा. जावळ कुलदेवतेपाशी न्हाव्याने काढले असेल आणि होम झाला नसेल, तर तेही चौल नव्हे. दोन्ही तशीच झाली आहेत असे धरू. गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन, जातकर्म, नामकर्म, निष्क्रमण, अन्नप्राशन हे सात राहिले: सात पाव म्हणजे पावणेदोन कृच्छ्र. चौलाचे अर्धे मिळवले की सव्वादोन, म्हणजे २७ दिवसांचे व्रत. दुप्पट धरले तर साडेचार कृच्छ्र आणि ५४ दिवस. काही गुरुजी सूर्यावलोकन, उपवेशन असे लहान संस्कारही मोजतात, तेव्हा त्यांचा आकडा थोडा वाढेल.

इतके दिवस व्रत कोणी करत नाही, म्हणून त्याचे प्रत्याम्नाय, म्हणजे पर्याय सांगितले आहेत. एका कृच्छ्राला एक गाय. गाय शक्य नसेल तर तिचे निष्क्रयद्रव्य, म्हणजे पैसे. यादीतली रक्कम बहुधा हीच. पण दहा हजार गायत्रीजप हाही एका कृच्छ्राचा मान्य पर्याय आहे. सव्वादोन कृच्छ्रांचे २२,५०० जप मुलाच्या वडिलांनी मुंजीआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत केले तर त्या ओळीचे पैसे धरायचे कारण उरत नाही. गुरुजींना तसे आधी सांगावे. जाणता गुरुजी याला हरकत घेणार नाही.

एक मात्र नीट पाहा. याच यादीत आणखी दोन प्रायश्चित्ते असू शकतात आणि ती या हिशेबातली नव्हेत. एक वडिलांचे, मुंज लावण्याचा अधिकार यावा म्हणून तीन कृच्छ्रांचे. दुसरे बटूचे स्वतःचे, तेही तीन कृच्छ्रांचे, आजवरच्या कामचार, कामवाद आणि कामभक्षाबद्दल: म्हणजे मनाला येईल तसे वागला, बोलला आणि खाल्ले याबद्दल. नऊ वर्षांच्या कोणत्याही मुलाकडे पाहिले की हे प्रायश्चित्त अगदी योजून सांगितले आहे असे वाटते. तिन्ही एकाच नावाखाली दोनदा धरलेली नाहीत ना, एवढे तपासावे. त्या दिवशी संकल्पात 'कालातिपत्ति' हा शब्द ऐकू आला, की राहिलेल्या संस्कारांचे चालले आहे असे समजावे.

मुंज आणि सोडमुंज एकाच दिवशी केली तर चालते का? मधली वर्षे गेली कुठे?

चालते असे म्हणण्यापेक्षा आता तसेच चालले आहे. उपनयन म्हणजे मुंज, वेदारंभ, केशान्त आणि समावर्तन म्हणजे सोडमुंज हे चार वेगळे संस्कार. पहिल्यात आणि शेवटच्यात एका वेदासाठी बारा वर्षांचे गुरुगृही अध्ययन धरलेले होते. केशान्त ब्राह्मणाला सोळाव्या वर्षी सांगितला आहे, पहिली दाढी काढण्याचा तो विधी. ते अध्ययनच राहिले नाही, म्हणून वेदारंभ गायत्रीच्या उपदेशात आणि मेधाजननाच्या पळसाच्या पूजेत सामावला, आणि केशान्ताचे प्रायश्चित्त सोडमुंजीच्या संकल्पात गेले. सोडमुंज कोणी त्याच दिवशी उरकतात, कोणी लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत लांबवतात. माझे मत विचाराल तर निदान काही दिवसांचे अंतर ठेवावे आणि तेवढे दिवस मुलाकडून रोज संध्या करवून घ्यावी, म्हणजे सोडण्यासारखे काहीतरी हातात असेल.

समावर्तनात स्नातक नवी वस्त्रे नेसतो, डोळ्यांत काजळ घालतो, छत्री, जोडे आणि काठी घेतो. आपल्याकडे मग तो काशीला निघतो, आणि मामा त्याला दारातून परत आणतो: "माझी मुलगी देतो, जाऊ नकोस." सकाळी आठला मुंज लागलेला बटू दुपारच्या पंगतीआधी असा छत्री उघडून मांडवाच्या दारापर्यंत जातो, तेव्हा त्या पाचपंचवीस पावलांत बारा वर्षांचे अध्ययन संपलेले असते.