गिनी की जीनी, आणि दोरीचा झोळ

प्रश्न : «बातम्यांत कुठे गिनी, कुठे जिनी, कुठे गुणांक तर कुठे निर्देशांक असतं. बरोबर काय? भारताचा आकडा एकीकडे २५.५ वाचला, दुसरीकडे ६२. आणि आमच्या मसाल्याच्या दुकानाचा हिशेब बघणारा म्हणतो, ‘तुमच्या विक्रीचा गिनी ०.७ आहे, विषमता फार.’ मसाल्यांमध्ये कसली आलीय विषमता?»

उत्पन्न, खर्च किंवा विक्री किती असमान वाटली गेलीय हे एका आकड्यात सांगणारं हे माप. आधी त्याच्या नावाचं बघू, कारण ते सोपं आहे. हे आडनाव आहे. कोर्रादो जीनी (१८८४–१९६५) हा इटलीचा संख्याशास्त्रज्ञ. इटालियनमध्ये g च्या पुढे i आला की उच्चार ‘ज’ होतो, म्हणून जीनी. मराठीत ‘ज’ दोन प्रकारे उच्चारतात, जहाजातला वेगळा आणि जगातला वेगळा. पण इ-ईपुढे तो जीव, जिरे यांतल्यासारखा तालव्यच होतो, त्यामुळे इथे आपली जीभ आपोआप बरोबर वळते. ‘गिनी’ आलं ते रोमन अक्षरं जशीच्या तशी वाचल्यामुळे. त्यात एक गंमतही आहे. मराठीत गिनी म्हणजे आजीच्या डब्यातलं सोन्याचं नाणं. संपत्तीच्या वाटपावरच्या लेखात ‘गिनी’ दिसली की याचा त्या नाण्याशी संबंध असावा असं निदान दोघांनी तरी मला विचारलंय. काडीचाही संबंध नाही. मी जीनी लिहितो. गिनी लिहिणाऱ्याशी मात्र भांडत नाही, तेही रूळलंय.

जीनीसोबत हमखास येणारं दुसरं नाव लॉरेन्झ. मॅक्स ओटो लॉरेन्झ हा अमेरिकन. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना त्याने १९०५ साली संपत्ती किती हातांत एकवटलीय हे रेषेने दाखवायची रीत मांडली. हवामानशास्त्रातला लॉरेन्झ वेगळा, आणि ज्याच्यामागून पक्ष्यांची पिल्लं हिंडायची तो प्राणिशास्त्रज्ञ लॉरेन्झही वेगळा. तीच रेषा म्हणजे लॉरेन्झ वक्र. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतल्या ‘मागणी वक्रा’मुळे ‘वक्र’ हे नाम मराठीत बसून गेलंय, तेव्हा त्याला हरकत नाही.

‘गुणांका’बद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. शाळेत बीजगणितात 5x मधल्या ५ ला आपण सहगुणक म्हणतो. संख्याशास्त्रात त्याच मूळ इंग्रजी शब्दाला, coefficient ला, गुणांक म्हणतात, ‘सहसंबंध गुणांक’ असतो तसा. पण सामान्य वाचकाला ‘गुणांक’ परीक्षेतल्या गुणांसारखा ऐकू येतो, म्हणजे जितका जास्त तितका चांगला. इथे नेमकं उलटं आहे. ‘निर्देशांक’ म्हटलं की महागाईचा निर्देशांक आठवतो, त्यात कुठलंतरी वर्ष पायाभूत धरून त्याला १०० मानलेलं असतं. जीनीत असलं पायाभूत वर्ष नसतं. व्यवहारात एवढं लक्षात ठेवलं की पुरे : शून्य ते एक या पट्टीवर असेल तर गुणांक, तोच आकडा शंभरने गुणून दिला तर निर्देशांक. जागतिक बँक निर्देशांक देते. म्हणजे २५.५ आणि ०.२५५ हे एकच. यातून बातम्यांत एक चूक हमखास होते. निर्देशांक २८.८ वरून २५.५ झाला की ‘३.३ टक्क्यांनी घटला’ असं छापून येतं. तो ३.३ अंकांनी घटतो. टक्क्यांत सांगायचं तर ही घट साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होते.

आता हा आकडा येतो कुठून, ते तुमच्याच दुकानात बघू. समजा पाच मसाले आहेत आणि आठवड्याची विक्री अशी : पावभाजी मसाला १,०००, मिसळ मसाला २,०००, मालवणी ३,०००, कांदा-लसूण ४,००० आणि गोडा मसाला १०,०००. एकूण २०,००० रुपये. सगळ्यात कमी खपणाऱ्यापासून सुरुवात करून बेरीज वाढवत न्यायची. तळचा एक मसाला, म्हणजे मालाचा २० टक्के भाग, विक्रीचे ५ टक्के आणतो. तळचे दोन मिळून १५ टक्के, तीन मिळून ३०, चार मिळून ५०, आणि पाचवा धरला की १००. चौकटीच्या कागदावर आडवा मालाचा टक्का, उभा विक्रीचा टक्का घेऊन हे ठिपके जोडले की झाला लॉरेन्झ वक्र.

सगळे मसाले सारखेच खपले असते तर ठिपके डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ कर्णावर पडले असते. पुस्तकी भाषेत ही ‘समान वितरणाची रेषा’. मला ती ताणून बांधलेली दोरी वाटते. प्रत्यक्षातली दोरी खाली लोंबते, म्हणजे तिला झोळ पडतो. जीनी गुणांक म्हणजे या झोळाचं माप : ताणलेली दोरी आणि झोळलेली दोरी यांच्यामधलं क्षेत्रफळ, भागिले ताणलेल्या दोरीखालचं सगळं क्षेत्रफळ. ‘झोळ’ हा शब्द मी कुठल्या परिभाषाकोशातून आणलेला नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवरून उचललाय. पण शिकवताना त्याच्याइतकं चटकन काही कळत नाही असा माझा अनुभव आहे.

हिशेब करू. ठिपक्यांमधल्या पाच पट्ट्या, प्रत्येकीची रुंदी ०.२. त्यांच्या सरासरी उंच्या ०.०२५, ०.१०, ०.२२५, ०.४० आणि ०.७५. बेरीज १.५, गुणिले ०.२ म्हणजे वक्राखाली ०.३०. कर्णाखाली अर्धा चौकोन, म्हणजे ०.५०. मधला झोळ ०.२०. ०.२० भागिले ०.५० म्हणजे जीनी ०.४०.

मग तुमचा ०.७ कुठून आला असेल? माझा एक संशय आहे. वरच्या पाच मसाल्यांच्या जोडीला यादीत आणखी पाच असे घाला की जे आठवडाभर एकही पाकीट खपले नाहीत. यादीत नाव आहे, फळीवर धूळ आहे. विक्री एका रुपयाने बदललेली नाही. पण आता माल दहा प्रकारचा झाला, आणि वक्र निम्म्या वाटेपर्यंत जमिनीलाच चिकटून राहतो. पुन्हा मोजलं तर जीनी बरोबर ०.७० येतो. म्हणून हिशेबवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा, की शून्य विक्रीचे प्रकार मोजलेत का? दोन्ही रीती चालतात. फक्त गेल्या वर्षी ते वगळून आणि यंदा धरून मोजलं असेल, तर तुलनेला अर्थ राहत नाही. यादी फार छोटी असली तरी घोळ होतो. पाचच प्रकार असतील आणि सगळी विक्री एकट्या गोड्या मसाल्याची असेल, तरी जीनी १ पर्यंत जात नाही, ०.८ वर थांबतो. म्हणून काही जण अशा पाचच्या यादीसाठी आलेला आकडा पाच भागिले चारने गुणून घेतात.

तुमची मुख्य शंका ‘विषमता’ या शब्दाबद्दल होती, आणि ती रास्त आहे. ‘आर्थिक विषमता’ म्हणताना मराठीत नुसता फरक सांगितला जात नाही, त्यात अन्यायाची खूण असते. ती माणसांच्या उत्पन्नाला शोभते. पावभाजी मसाला कमी खपला तर त्याच्यावर अन्याय झाला असं कोणी म्हणत नाही. गंमत म्हणजे खुद्द जीनीने आपल्या मापाला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘केंद्रीकरणाचं गुणोत्तर’ असा होतो, आणि लॉरेन्झच्या लेखाच्या शीर्षकातही संपत्तीचं केंद्रीकरणच आहे. ‘केंद्रीकरण’ जड वाटलं तर आपल्याकडे सुंदर क्रियापद आहे : एकवटणे. ‘विक्री थोड्या मालात एकवटली आहे’ असं हिशेबवाल्याने म्हटलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. तेव्हा उत्पन्नाला विषमता, विक्रीला एकवटणे. ‘असमानता’ मी गणितातल्या > आणि < यांच्यासाठी ठेवतो.

एक आकडा सगळं सांगतो असं मात्र समजू नका. पुढच्या महिन्यात विक्री १,०००, १,०००, ३,०००, ७,००० आणि ८,००० झाली असं धरा. एकूण तेच २०,०००. जीनी काढला तर तोही ०.४०. पण पहिल्या वेळी एकच गोडा मसाला निम्मं दुकान चालवत होता, आता दोघे मिळून चालवतात आणि तळचे दोन पार बसलेत. वक्राचे टक्के आता ५, १०, २५, ६०, १००. पहिल्या वक्रावर ठेवून बघा : डावीकडे नवा वक्र खाली जातो, उजवीकडे वर येतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना छेदतात. झोळ तितकाच, पण तो पडला दुसरीकडे. वक्र छेदत असतील तिथे ‘कोणती वाटणी जास्त विषम’ याचं उत्तर नुसत्या जीनीवरून देता येत नाही, वक्रच बघावा लागतो.

उरलं २५.५ आणि ६२. दोन्ही आकडे जागतिक बँकेच्या २०२५ च्या एकाच टिपणात आहेत. २५.५ हा २०२२-२३ च्या घरगुती खर्चाचा निर्देशांक, २०११-१२ मध्ये तो २८.८ होता. ६२ हा जागतिक विषमता माहितीसंचाने काढलेला २०२३ चा उत्पन्नाचा. खर्चाचा झोळ उत्पन्नाच्या झोळापेक्षा कमी असायचाच. महिन्याला पंधरा हजार मिळवणाऱ्या घराचे पंधराच्या पंधरा खर्च होतात, पाच लाख मिळवणारं घर पाच लाखांचं किराणा भरत नाही. शिवाय घरोघर फिरून केलेल्या पाहणीत अतिश्रीमंत घरं निसटतात किंवा खर्च कमी सांगतात, म्हणजे दोरीचं वरचं टोकच नीट दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘समानतेत भारत जगात चौथा’ असं सरकारी पत्रक निघालं, ते याच २५.५ वर. त्या यादीत भारताच्या पुढे स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, बेलारूस. पण युरोपातल्या बऱ्याच देशांचे आकडे उत्पन्नाचे असतात आणि आपला खर्चाचा. म्हणून वाक्य लिहायचं तर ‘भारताचा जीनी २५.५’ असं तोडून लिहू नका, ‘भारताचा घरगुती खर्चाचा जीनी निर्देशांक २५.५’ असं लिहा. मराठीत षष्ठीचा ‘चा’ फुकट मिळतो, तो इथे वाचवण्यात अर्थ नाही.