मालकाच्या पुतण्याविरुद्ध साक्ष : फिरलो तर काय, नाही फिरलो तर काय?

प्रश्न : मी सालदार आहो. 2024 च्या पोळ्याच्या आठवड्यात धुऱ्याच्या भांडणात मालकाच्या पुतण्यानं शेजारच्या शेतकऱ्याले कुऱ्हाडीनं मारलं, ते मी पाह्यलं. पोलिसाले सांगितलं, तालुक्याच्या कोर्टात साहेबापुढंही सांगितलं, तिथं सही केली. पुतण्या आता जमानतीवर आहे. मालक म्हणते, 'काही दिसलं नाही म्हण, नाही तर पाडव्याले हिशेब करून टाकू.' पुतण्या म्हणते, 'घरासकट जाळीन.' पंच तर आधीच पलटले. समन्स आला, तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी फिरलो तर मले काय होईल, अन् नाही फिरलो तर मले कोण वाचवीन?

उत्तर : भाऊ, तुम्हाला दोघांनी धमकावलं आहे, पण कायदा त्या दोन धमक्यांकडे सारख्या नजरेनं पाहत नाही. म्हणून त्या आधी वेगळ्या करू.

'घरासकट जाळीन' हा सरळ गुन्हा आहे. खोटी साक्ष द्यावी म्हणून कोणाच्या जिवाची, अब्रूची किंवा मालमत्तेची हानी करण्याची धमकी देणं, याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आहे. शिवाय तो जामिनावर आहे. साक्षीदारावर दबाव आणला म्हणून सरकारी वकील त्याचा जामीन रद्द करायला अर्ज देऊ शकतात.

मालकाचं बोलणं मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. सालदारकी पाडव्याला संपते आणि ती पुढं न चालवणं हा गुन्हा नाही. ते खोटं बोलायला सांगत आहेत हे कोर्टासमोर मांडता येतं, पण तुमचं काम कोणताही कायदा वाचवत नाही. हे मी लपवणार नाही, कारण आपल्याकडचे साक्षीदार कुऱ्हाडीला भिऊन जेवढे फिरतात, तेवढेच पाडव्याला भिऊनही फिरतात. ज्याच्या वावरात राबायचं, ज्याच्याकडून उचल घ्यायची, ज्याच्या विहिरीवरून पाणी आणायचं, त्याच्याच घरच्या माणसाविरुद्ध बोलायचं असतं. खटला संपल्यावर वकील जिल्ह्याच्या गावी परततात, साक्षीदार मात्र त्याच गल्लीत राहतो.

आता फिरल्यावर काय होतं ते सांगतो. तुम्ही पिंजऱ्यात 'मला काही दिसलं नाही' म्हणालात, की सरकारी वकील तुम्हाला फितूर जाहीर करायची परवानगी मागतील आणि तुमचीच उलटतपासणी घेतील. पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवतील. त्यावर तुमची सही नाही, त्यामुळे 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणणं सोपं वाटतं. पण तालुक्याच्या कोर्टात दंडाधिकाऱ्यांपुढं दिलेला जबाब तुमच्या सहीचा आहे. तो दाखवल्यावर दोनपैकी एक बोलणं खोटं ठरतं. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि सत्र न्यायाधीशांना वाटलं तर ते स्वतःच संक्षिप्त चौकशी करून तीन महिन्यांपर्यंत कैद देऊ शकतात. अशी कारवाई कोर्टं क्वचितच करतात, पण सही केलेला जबाब असलेल्या साक्षीदाराला ती जास्त जवळ असते.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दंडाधिकाऱ्यांपुढचा तो जबाब तुमच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही. त्यानं तुमचं आताचं बोलणं पक्कं करता येतं किंवा खोडता येतं, एवढंच. म्हणजे तुम्ही फिरलात तर 'आधी सांगितलं होतंच की' म्हणून पुतण्याला शिक्षा होणार नाही. पंच आधीच पलटलेत. प्रत्यक्ष पाहणारे तुम्ही एकटेच असाल तर तो पुतण्या बहुधा सुटेल.

तुम्हाला वाचवायला जी व्यवस्था आहे तिचं नाव साक्षीदार संरक्षण योजना. सर्वोच्च न्यायालयानं महेंद्र चावला खटल्यात 5 डिसेंबर 2018 रोजी ती मान्य केली आणि देशभर कायदा म्हणून लागू केली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 नं प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करणं बंधनकारक केलं आहे. 2018 च्या योजनेप्रमाणे निर्णय जिल्ह्याची समिती घेते. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातल्या सरकारी अभियोगाचे प्रमुख सदस्य-सचिव. अर्ज या सचिवांकडे द्यायचा. तो तुम्ही, घरचं कोणी, तुमचा वकील किंवा तपास अधिकारी देऊ शकतो.

अर्ज आला की उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडून धोक्याचा अहवाल मागवतात. त्याला पाच कामाचे दिवस, आणि अहवाल मिळाल्यावर समितीच्या निर्णयाला आणखी पाच. धोका तातडीचा असेल तर अहवालाची वाट न पाहता अंतरिम संरक्षण देता येतं. अर्जात तेही स्पष्ट मागा, नाही तर कोणी आपणहून देत नाही.

गाडी अडते ती या अहवालापाशी. गावात चौकशीला येतो बीट जमादार, तो आधी ओळखीच्या मोठ्या घरी बसतो, आणि अहवालात 'गावात शांतता आहे' असं लिहिलं जातं. म्हणून नुसतं 'जिवाला धोका आहे' लिहू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं, काय शब्दांत बोलला आणि तेव्हा कोण ऐकत होतं, ते लिहा. पुतण्यानं फोनवर धमकी दिली असेल तर तो फोन बदलू नका, काही पुसू नका.

काय मागायचं तेही ठरवून जा. योजनेत घराभोवती नियमित गस्त, तातडीसाठी पोलिसाचा ठरलेला नंबर, कोर्टात नेण्या-आणण्याला सोबत, आरोपीशी समोरासमोर न येऊ देणं, पडद्याआडून किंवा व्हिडिओवरून साक्ष, थोड्या काळासाठी दुसरीकडे राहणं, अशा गोष्टी आहेत. एका वेळी संरक्षण तीन महिन्यांपर्यंतच मिळतं, पुढं ते वाढवून मागावं लागतं. ओळख लपवायचीही तरतूद आहे, पण गावात तुम्ही साक्षीदार आहात हे लहान पोरालाही माहीत आहे, त्यात तुमचा वेळ घालवू नका. तुम्हाला गस्त आणि सोबत कामाची.

आणखी एक. सरकारी वकील आधी तुम्हाला प्रश्न विचारतात ती सरतपासणी, मग आरोपीचा वकील घेतो ती उलटतपासणी. सरकारी वकिलांना आधीच सांगून ठेवा की माझ्या या दोन्ही तपासण्या एकाच दिवशी संपवा. साक्षीदार हजर असताना खास कारणाशिवाय तारीख देऊ नये, असं कलम 346 सांगतं. माझ्या एका खटल्यात एका बाईनं सकाळी खरं ते सगळं सांगितलं. दुपारी आरोपीच्या वकिलानं तारीख मागितली, ती मिळाली. पाच महिन्यांनी तीच बाई म्हणाली, 'अंधार होता.' त्या पाच महिन्यांत कापूस वेचायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयापुढच्या विनोद कुमार खटल्यात, 2015 च्या निकालात, सरतपासणी आणि उलटतपासणीत जवळपास वीस महिने गेले होते आणि साक्षीदार तेवढ्यात पलटला होता. त्या निकालात न्यायालयानं अशा तारखांवर कडक शब्दांत नाराजी नोंदवली, आणि पलटलेल्या साक्षीदाराचं कोर्टात सरतपासणीत सांगितलेलं खरं बोलणं धरून शिक्षाही कायम ठेवली.

आता पाडव्याचं. साक्षीच्या आधी उचलीचा हिशेब दोन माणसांसमोर कागदावर करून घ्या, म्हणजे उद्या बाकी काढून तुम्हाला बांधून ठेवता येणार नाही. सालदारकी जाण्याची शक्यता धरूनच चला आणि दुसऱ्या गावात काम पाहायला आजपासून सुरुवात करा. याहून बरं उत्तर माझ्याकडे असतं तर दिलं असतं.

या आठवड्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. समन्स, आधार कार्ड आणि धमक्यांच्या तारखांचा कागद बरोबर न्या. अर्ज लिहायला तिथं मोफत वकील मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नका, आणि ती प्रत तुमच्या घरात ठेवू नका, बहिणीकडे किंवा सासुरवाडीला ठेवा.