हायब्रीड टोमॅटोचं बी घरी धरू नका

भाऊ, हायब्रीडचं बी धरायचा विचार सोडा. मी एकदा धरलं होतं, तर एकाच ओळीत एक झाड बुटकं, दुसरं नुसतंच माजलेलं, फळं कुठं गोल कुठं लांबट, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात. माल एकसारखा आणि जास्त हवा तर हायब्रीड घ्या, पण बी दरवेळी विकतच. गावरान थोडं कमी देतं, पण बी आपलं राहतं. निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर दोन दिवस आंबवा, धुवून सावलीत वाळवा. आणि गावरानला रोग येत नाही हे खरं नाही हं, पानं आकसलेल्या झाडाचं बी अजिबात धरू नका.